शंभर ग्रॅम चिकन म्हणजे नेमके किती?

डायट चार्टवर "चिकन १०० ग्रॅम" असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. मीही अनेक वर्षे तसेच लिहीत आलो. या तीन शब्दांत काही गोंधळ असू शकतो असे मला वाटले नव्हते. पण रुग्णांच्या घरी हे शंभर ग्रॅम कसे मोजले जातात हे विचारायला लागलो, तेव्हा लक्षात आले की एकाच ओळीचे तीन अर्थ निघतात. कोणी दुकानातून हाडांसकट शंभर ग्रॅम आणतो, कोणी बोनलेस आणून कच्चे तोलतो, तर कोणी शिजलेले तुकडे ताटात घेऊन काट्यावर ठेवतो. तिघेही प्रामाणिकपणे डॉक्टरांचे ऐकत असतात, आणि तिघांच्या पोटात जाणारे प्रोटीन मात्र वेगवेगळे असते.

हाडांसकट १०० ग्रॅम कच्च्या चिकनमधून अंदाजे १३ ते १४ ग्रॅम प्रोटीन मिळते. हाडे काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या चिकनमधून साधारण २० ते २२ ग्रॅम, आणि हाडे काढलेल्या, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमधून साधारण २८ ते ३० ग्रॅम मिळते. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या माणसात दुपटीचा फरक आहे. औषधाच्या गोळीत असा फरक झाला असता तर आपण त्याला चूक म्हटले असते. जेवणाच्या बाबतीत आपण "चालतंय की" म्हणून सोडून देतो. पण काही रुग्णांच्या बाबतीत ते चालत नाही. कसे, ते एका उदाहरणावरून सांगतो.

सूप पिणाऱ्या आजी

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी घरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन नीट झाले, जखम भरली, फिजिओथेरपी सुरू झाली. वजन ५० किलो. अशा वेळी मांडीचे स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून मी रोजचे प्रोटीन किलोमागे १.२ ग्रॅम धरले. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम. त्यांचा आहार विचारला. दोन पोळ्या, वाटीभर मऊ भात, एक वाटी वरण, दोन कप दूध, थोडी भाजी आणि एक अंडे. सगळे मिळून जेमतेम ३० ग्रॅम. उरलेल्या ३० ग्रॅमसाठी मी कागदावर लिहिले, "चिकन १५० ग्रॅम रोज." आजींना चिकन आवडायचे, किडनी व्यवस्थित होती, त्यामुळे काळजीचे कारण नव्हते.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा वजन दोन किलोने उतरले होते. खुर्चीतून उठताना सुनेचा हात धरावा लागत होता. मी विचारले, "चिकन देता ना?" सूनबाई जरा दुखावल्याच. म्हणाल्या, "डॉक्टर, एक दिवस चुकवला नाही. रोज दीडशे ग्रॅम मोजून आणतो, कुकरला लावतो आणि सूप करून देतो."

त्यांचे काहीच चुकले नव्हते. चूक माझ्या कागदावर होती. ते दीडशे ग्रॅम हाडांसकट होते. दुकानात करी कट मागितला की त्यातला अंदाजे एक तृतीयांश भाग हाडांचा असतो. म्हणजे मांस आले १०० ग्रॅम, आणि त्यात प्रोटीन २० ग्रॅम. दहा ग्रॅमची तूट तिथेच पडली. पुढे कवळी नीट बसत नसल्याने आजी दोन-तीन लहान तुकडे खायच्या, म्हणजे शिजलेले मांस अंदाजे ४० ग्रॅम, आणि बाकीचे "सूप तर प्यायले" म्हणून सोडून द्यायच्या. ४० ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून ११ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळते. माझ्या हिशेबात आजी रोज ६० ग्रॅम प्रोटीन खात होत्या. प्रत्यक्षात आकडा चाळिशीच्या थोडा वर होता.

शिजताना जाते काय आणि राहते काय

इथे थोडे शास्त्र समजून घेऊ, म्हणजे पुढचा हिशेब पाठ करावा लागणार नाही.

कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते. हे पाणी स्नायूंच्या बारीक तंतूंमध्ये अडकलेले असते. मांस तापू लागले की तंतूंमधल्या प्रोटीनची घडी बदलते आणि ते आकसतात. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तंतूंभोवतीचे कोलॅजनचे वेष्टणही आकसते आणि ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर पडते. चिकन झाकण ठेवून शिजवताना वेगळे पाणी न घालताही पातेल्यात पाणी सुटते, ते हेच.

म्हणून शिजल्यावर वजन घटते ते मुख्यतः पाण्यामुळे, आणि थोडे सुटलेल्या चरबीमुळे. प्रोटीनचा बहुतेक भाग तुकड्यातच राहतो. त्यामुळे शंभर ग्रॅम कच्चे चिकन शिजून पंचाहत्तर ग्रॅम झाले तरी आतले वीस-एकवीस ग्रॅम प्रोटीन जवळपास तेवढेच असते, फक्त कमी वजनात दाटलेले. शिजलेल्या मांसाचा आकडा मोठा दिसतो तो एवढ्यासाठीच. शिजवल्याने प्रोटीन वाढत नाही आणि सुकवल्यानेही वाढत नाही.

मग सुपात काय उतरते? थोडे विरघळणारे प्रोटीन, चव देणारे घटक, मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस, चरबी आणि कोलॅजनपासून तयार झालेले जिलेटिन. पायाचे सूप थंड झाल्यावर थलथलीत गोठते ते या जिलेटिनमुळे. जिलेटिन हेही प्रोटीनच, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे स्नायू भरून काढायला एकटे जिलेटिन पुरे पडत नाही. "सत्त्व सगळं सुपात उतरतं" ही आपल्याकडची समजूत आजींच्या बाबतीत महागात पडली. सत्त्व चोथ्यात होते आणि चोथा टाकला जात होता. आजारी माणसाला सूप जरूर द्या. त्याने घसा शेकतो, भूक लागते, पाणी पोटात जाते. फक्त त्याला जेवणातले चिकन म्हणून मोजू नका.

माझ्या घरच्या काट्यावर

या प्रसंगानंतर मी एका रविवारी घरीच मोजून पाहिले. भाजी तोलण्याचा साधा डिजिटल काटा घेतला.

अर्धा किलो करी कट चिकन, त्वचा काढलेले, धुऊन निथळून ठेवले. नेहमीसारखा रस्सा केला. शिजल्यावर तुकडे झाऱ्याने काढून, रस्सा निथळून तोलले, ते ३७० ग्रॅम भरले. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटातली हाडे गोळा करून तोलली, ती १३० ग्रॅम. म्हणजे प्रत्यक्ष पोटात गेलेले मांस २४० ग्रॅम. पाचशेतले दोनशे चाळीस, म्हणजे निम्म्याहून थोडे कमीच.

पुढच्या रविवारी अर्धा किलो मटण आणले, मांडी आणि खांद्याचे मिक्स. कुकरमध्ये चांगले मऊ होईपर्यंत शिजवले. निथळलेले तुकडे ३३५ ग्रॅम, हाडे ११५ ग्रॅम, मांस २२० ग्रॅम. मटण जास्त वेळ शिजते, त्यात जोडपेशी आणि चरबी जास्त, म्हणून ते चिकनपेक्षा थोडे अधिक घटते.

तुमच्या घरचे आकडे थोडे वेगळे येतील. छातीचे तुकडे जास्त असतील तर मांस जास्त निघेल, मान-पंख-पाठ जास्त असेल तर कमी. सुक्के केले किंवा तंदूरमध्ये भाजले तर पाणी आणखी उडेल. तरी सर्वसाधारण नियम असा धरायला हरकत नाही:

- हाडांसकट कच्चे चिकन आणले तर खाण्याजोगे शिजलेले मांस साधारण निम्मे मिळते. मटणात निम्म्याहून थोडे कमी.
- बोनलेस कच्चे चिकन शिजल्यावर साधारण तीन चतुर्थांश उरते. बोनलेस मटण दोन तृतीयांशाच्या आसपास.

एवढे दोन नियम पुरेत. बाकीचा हिशेब त्यातून निघतो.

ताटापासून दुकानाकडे

आपण नेहमी दुकानापासून सुरुवात करतो. "पाऊण किलो आणू, चौघांना होईल." रुग्णासाठी नियोजन करायचे असेल तर उलटे जा. आधी ताटात किती हवे ते ठरवा आणि मग मागे जाऊन किती आणायचे ते काढा.

आजींचा हिशेब असा केला. हवे होते ३० ग्रॅम प्रोटीन. शिजलेल्या बोनलेस चिकनमध्ये शंभराला २८ धरले तर त्यासाठी अंदाजे ११० ग्रॅम शिजलेले मांस लागते. तेवढे उरायला कच्चे बोनलेस १५० ग्रॅम हवे. हाडांसकट आणायचे तर अंदाजे २२५ ग्रॅम. म्हणजे सूनबाई आणत होत्या त्याच्या दीडपट.

पण नुसते जास्त आणून उपयोग नव्हता, कारण आजींना चावता येत नव्हते. म्हणून शिजलेले मांस हाडावरून काढून, बोटांनी बारीक तंतू करून, ५५ ग्रॅम दुपारी मऊ खिचडीत आणि ५५ ग्रॅम रात्री भातात कालवून द्यायचे ठरले. कधी त्याऐवजी खिमा. सूप वेगळे, संध्याकाळी, हौसेपुरते. पहिले तीन दिवस काट्यावर तोलले, नंतर घरातली एक वाटी ठरली आणि काटा कपाटात गेला. महिनाभराने वजन उतरायचे थांबले होते. दोन महिन्यांनी आजी खुर्चीच्या हाताला धरून स्वतः उठू लागल्या. यात फिजिओथेरपीचा वाटा मोठा आहे हे मी नाकारत नाही. पण स्नायूंना व्यायाम द्यायचा आणि कच्चा माल द्यायचा नाही, तर स्नायू कशातून भरणार?

घरात सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात शिजत असेल तरी हे जमते. शिजल्यावर रुग्णाचे तुकडे आधी काढून, हाड वेगळे करून तोला आणि मग बाकीच्यांना वाढा. उलट केले तर शेवटी पातेल्यात मान आणि पंख उरतात आणि रुग्णाच्या वाट्याला तेच येतात.

दुकानातली एक गोष्टही विचारून घ्या. काही ठिकाणी भाव जिवंत कोंबडीच्या वजनावर असतो, काही ठिकाणी साफ केलेल्या चिकनवर. जिवंत कोंबडीच्या वजनातला पाव ते एक तृतीयांश भाग साफ करतानाच जातो. म्हणून "एक किलोची कोंबडी" आणि "एक किलो चिकन" एकच समजू नका. पिशवी घरी आल्यावर एकदा तोलून पाहा.

आणि उलटी चूक

आता दुसरी बाजू. एका गृहस्थांची किडनी मधुमेहामुळे कमजोर झालेली. वजन ६५ किलो, त्यांना दिवसाला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन सांगितले होते. आठवड्यातून चार दिवस वरणाऐवजी "चिकन १०० ग्रॅम" चालेल असे कागदावर होते. गृहस्थ शिस्तीचे. ते बोनलेस चिकन शिजवून, बरोबर १०० ग्रॅम तोलून खायचे, आणि वर दोन वाट्या रस्सा.

लिहिणाऱ्याच्या मनात कच्चे शंभर ग्रॅम होते, म्हणजे २० ग्रॅम प्रोटीन. त्यांच्या पोटात २८ जात होते. आठ ग्रॅम म्हणजे एका वाटी वरणापेक्षा थोडे जास्त. एखाद्या दिवशी याने काहीही बिघडत नाही हे स्पष्ट सांगतो, घाबरू नका. पण चार दिवस, दर आठवड्याला, वर रश्श्यातून उतरलेले पोटॅशियम, फॉस्फरस आणि मीठ. त्यांचा युरिया चढलेला दिसला तेव्हा आजार पुढे सरकतोय की काय, अशी शंका आली होती. शेवटी शिजलेले ७५ ग्रॅम ठरवले, रस्सा दोन-तीन चमच्यांवर आणला, आणि पुढच्या तपासणीत युरिया खाली आला. रश्श्याच्या बाबतीत आजी आणि हे गृहस्थ यांची गंमत पाहा. स्नायूंसाठी लागते ते रश्श्यात फारसे नाही, आणि किडनीला नको ते त्यात आहे.

याच संदर्भात एक सूचना. क्रिएटिनिनची रक्ततपासणी असेल तर आधीचे बारा तास मांसाहार टाळा. मांसातले क्रिएटिन शिजताना काही अंशी क्रिएटिनिनमध्ये बदलते आणि ते रक्तात उतरून रिपोर्ट काही तासांसाठी थोडा वाढलेला दाखवू शकते.

किडनीच्या रुग्णांनी माझे हे आकडे उचलून स्वतःचा आहार बदलू नये. प्रोटीन किती घ्यायचे ते तुमच्या टप्प्यावर ठरते आणि डायलिसिस सुरू झाल्यावर ते उलट वाढवावे लागते. मी फक्त एवढेच सांगतो की तुम्हाला दिलेला आकडा कच्च्याचा आहे की शिजलेल्याचा, हे विचारून घ्या.

माझे मत

हा गोंधळ कुठून येतो? आपल्याकडे वापरले जाणारे अन्नघटकांचे तक्ते, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले धरून, मांसाचे आकडे कच्च्या, खाण्याजोग्या भागाचे देतात. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ तोच आकडा मनात धरून लिहितात. रुग्णाची आणि चिकनची गाठ मात्र ताटात पडते, शिजल्यावर. दोघांच्या मध्ये एक कुकर आहे, हे आम्ही विसरतो. मोबाइलवरच्या अॅपमध्येही कच्च्या आणि शिजलेल्या चिकनच्या वेगळ्या नोंदी असतात. शिजलेले तोलून कच्च्याची नोंद निवडली की रोजचा हिशेब चुकतो.

माझे मत असे की डायट चार्टवर वजन शिजलेल्या, हाडे काढलेल्या मांसाचेच लिहावे, आणि त्याखाली "त्यासाठी हाडांसकट इतके आणा" असा बाजारहाटाचा आकडा द्यावा. काही आहारतज्ज्ञ मित्र याला विरोध करतात. त्यांचे म्हणणे, शिजलेल्या मांसात पाणी किती उरेल ते स्वयंपाकावर अवलंबून असते, कच्चे वजन जास्त भरवशाचे. मुद्दा खरा आहे. एकटा राहणारा, स्वतःचे बोनलेस चिकन स्वतः शिजवणारा व्यायामप्रेमी तरुण असेल तर त्याने कच्चेच तोलावे. पण चार माणसांच्या पातेल्यातून एका रुग्णाचे कच्चे वजन कसे वेगळे काढणार? स्वयंपाकाच्या पद्धतीने दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल, ते मी चालवून घेईन. अर्थच न कळल्याने दुप्पट-निमपट होते, ते चालवून घेणार नाही.

माझ्या कागदावर आता "चिकन १५० ग्रॅम" असे नसते. तिथे असते: "शिजलेले, हाड काढलेले चिकन ११० ग्रॅम, दोन वेळात. त्यासाठी हाडांसकट पाव किलोच्या आत-बाहेर आणावे. सूप यात धरू नये." ओळ लांब झाली, पण फोन कमी झाले.

तुमच्या घरी असा कागद असेल तर आज काढून पाहा. त्यावर नुसतेच ग्रॅम लिहिले असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: कच्चे की शिजलेले? हाडांसकट की हाडे काढून? विचारायला संकोच करू नका. उत्तर देताना आम्हालाही एकदा विचार करावा लागेल, आणि ते चांगलेच आहे.